चावी कोपराकडे होती

अन्याय झाला तो माझ्या अक्कावर. भूकंपानंतरच्या तिसऱ्या मार्चात, बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपराला, लातुरातल्या एका शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वेळ दुपारी एक वाजून गेल्यानंतरची. त्याच दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, तो पुन्हा झाला आणि या खेपेला आमच्या घरात, घरच्या माणसांनी केला. पहिल्याला मी अपघात म्हणायला तयार आहे. दुसऱ्याला नाही.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि डावखुरी. औशाकडच्या आमच्या गावात डावखुरं लेकरू म्हणजे घराला लागलेलं गालबोट. आजी तिच्या डाव्या हातावर उलथन्याची मूठ मारायची. "त्या हातानं कोन जेवतं का गं? देवाला फूल बी त्याच हातानं वाहशील उद्या." अक्का जेवायला उजवा हात शिकली, फूल वाहायलाही शिकली, पण पेन्सिल काही उजव्या हातात गेली नाही. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी दोन वर्षं तिचा हात बदलायचा प्रयत्न केला आणि मग तिचं अक्षर बघून सोडून दिला. अक्षर त्यांच्याहून चांगलं होतं.

भूकंपात आमचं घर बसलं. माणसं वाचली, फक्त आत्याचा पाय चौकटीखाली सापडला. छावणीतल्या तंबूत डॉक्टरांनी अक्काच्या हातात सलाईनची बाटली दिली आणि म्हणाले, धर. स्टँड नव्हता. अक्कानं बाटली डाव्या हातात धरली आणि आत्याचं सगळं होईपर्यंत हात खाली घेतला नाही. डॉक्टर जाताना म्हणाले, "पोरीचा हात लई स्थिर हाय." बस. तेवढ्या एका वाक्यावर अक्कानं डॉक्टर व्हायचं ठरवलं. डाव्या हाताला कुणी चांगलं म्हटल्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.

तेव्हा लातुरात शिकवण्यांचं पीक आलं होतं. भूकंपानं इकडची गावं रिकामी केली आणि शिकवण्यांनी लातूर भरलं. नांदेडहून, परभणीहून, पार किनवट-इस्लापूरकडून पोरं यायची, एका खोलीत सहा-सहा जणं राहायची. आम्हीही लातुरातच आलो. अण्णांची बदली झाली होती, दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. अक्काला एका शिकवणीत घातलं. मेडिकलचं त्या काळात बारावीच्या मार्कांवर ठरायचं. एक मार्क इकडचा तिकडं झाला की पोरगी डॉक्टर तरी होते नाही तर बायको होते. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं.

त्या शिकवणीत एक पद्धत होती. सर सांगायचे, "पेपरात वजाबाकी करत बसू नका. घंटा झाली की घड्याळ बाराला लावा. तीन वाजले की पेपर संपला. मधे किती वेळ गेला ते डोळ्याला दिसलं पायजे, डोक्याला त्रास नको." अकराचा पेपर असो नाही तर तीनचा, पोरं पहिल्या घंटेला घड्याळाची चावी ओढायची, काटे बारावर आणायची, चावी दाबायची आणि लिहायला लागायची. वर्षभर दर रविवारी सराव पेपर असायचा आणि दर रविवारी साठ-सत्तर घड्याळांत एकदम बारा वाजायचे. लातूरच्या बाहेर मी ही पद्धत कुठं पाहिली नाही.

अक्काजवळ घड्याळ नव्हतं. नांदेडच्या मामांनी आणलं. बायकी, इवलंसं, सोनेरी कडेचं, सेलवरचं. सेकंद काटा नाही. "बायकांच्या घड्याळाला सेकंद काटा कशाला लागतो, त्या काय रेल्वे सोडून राहिल्यात?" असं मामाच म्हणाले आणि स्वतःच हसले. मग त्यांनी ते अक्काच्या डाव्या मनगटावर बांधलं, कारण घड्याळ डाव्या मनगटावर बांधायचं असतं.

दोन दिवसांत अक्काच्या डाव्या हाताच्या पाठीवर लाल खूण उठली. तिचं लिहिणं त्या हातानं, मनगट वळवून. घड्याळाची चावी डायलच्या उजव्या अंगाला असते. डाव्या मनगटावर ती बोटांकडे येते, मनगट मागं वळलं की हाताच्या पाठीत रुतते. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला याचं काही नाही, त्याचा डावा हात नुसता वही धरून बसलेला असतो. अक्काला मात्र एका पेपरात ती शेकडो वेळा टोचायची. शिवाय बाकावर काच घासायची ती वेगळीच.

मग तिनं घड्याळ उजव्या मनगटावर घेतलं. टोचणं थांबलं. पण आता चावी कोपराकडे गेली. ती ओढायची तर डावा हात घड्याळाच्या पलीकडून आणून, बोटं मुडपून, नखानं उचकटायची. अक्कानं घड्याळ उलटंही बांधून बघितलं, म्हणजे चावी बोटांकडे येईल. पण मग बारा खाली आणि सहा वर. शिकवणीतल्या पोरी म्हणाल्या, "अगं, तुझी वेळच उलटी फिरली की!" तिनं ते पुन्हा सरळ बांधलं आणि एक सवय लावून घेतली. घंटा झाली की घड्याळ काढायचं, बाराला लावायचं, समोर बाकावर ठेवायचं. वर्षभर तेच चाललं. चांगलं चाललं.

पेपराच्या दिवशी शाळेची मुख्य इमारत भेगाळलेली म्हणून बंद होती. मागं पत्र्याच्या शेड टाकल्या होत्या, अक्काचा नंबर सगळ्यात मागच्या शेडमध्ये. मार्चातली दुपार आणि डोक्यावर पत्रा. पंखे होते, पण त्यांच्या खडखडाटात इमारतीकडची घंटा ऐकू येत नव्हती. भिंतीवर घड्याळ नव्हतं. भिंतच नव्हती. अकराची घंटा पर्यवेक्षक सरांनी तोंडानं सांगितली. अक्कानं घड्याळ काढून बाराला लावलं, बाकावर ठेवलं. सर आले.

"हे काय? बाकावर पेन अन् पेपर. दुसरं काही नाही."

"सर, घड्याळच हाय."

"घड्याळ हातात घालायची वस्तू हाय का बाकावर ठेवायची? घाल."

तिनं घातलं. उजव्या मनगटावर.

आता यापुढचं मी नीट सांगते, कारण यातच सगळं आहे. अक्काचा ड्रेस लांब बाह्यांचा, बाहीच्या टोकाला इलॅस्टिक. उन्हाचं म्हणून मायनं मुद्दाम तसा शिवून घेतलेला. पत्र्याखाली घाम येत होता. बाही घरंगळून घड्याळावर यायची, अक्का डाव्या हातानं ती वर सारायची, पुन्हा लिहायची. अशा एका सारण्यात इलॅस्टिकची कड चावी आणि घड्याळाच्या मधल्या फटीत अडकली. चावी कोपराकडे, बाहीही कोपराकडे. चावी ओढली गेली. एकच बारीक टक. सेलवरच्या घड्याळाची चावी बाहेर आली की घड्याळ थांबतं, कारण वेळ लावताना ते थांबावं अशीच रचना असते. सेकंद काटा असता तर तो थांबलेला दिसला असता. तो नव्हता.

घड्याळात दोन वाजून गेले होते. म्हणजे हातात चांगला पाऊण तास होता. अक्कानं एक प्रश्न संपवला, बघितलं, पाऊण तास. तिला बरं वाटलं. एक गणित पुन्हा करून पाहिलं. आकृत्या पेन्सिलीनं नीट काढल्या. सगळ्यात मोठा, तोंडपाठ असलेला प्रश्न तिनं शेवटाला ठेवला होता, शिकवणीत तसंच शिकवलं होतं, पक्कं ते मागं ठेवा, घाईतही येतं. मग तिनं पुन्हा घड्याळ बघितलं. काटे होते तिथंच. आणि समोरची पोरगी पुरवण्यांना दोरा बांधत होती.

अक्का म्हणायची, पेपर पेपर म्हणतात ना, तर सगळ्यात भयंकर काय असेल तर तो दोरा. पुढच्या बाकावर, शेजारी, पलीकडे, सगळ्या दोरे बांधत होत्या. तिनं मनगट वळवून पाहिलं. चावी बाहेर आलेली होती. तिनं ती दाबली. मग मोठा प्रश्न लिहायला घेतला आणि दुसऱ्या ओळीवर सरांनी पेपर ओढला.

ती घरी आली तेव्हा घड्याळ चालू होतं. तिनंच चालू केलं होतं. यासारखा दुसरा पुरावा आपल्याविरुद्ध कुणी आपल्याच हातानं तयार केला नसेल.

"चावी बाहेर आली होती," तिनं सांगितलं.

अण्णांनी घड्याळ हातात घेतलं. कानाला लावलं. "चालू हाय."

"मी दाबली, अण्णा. शेवटाला."

"चावी आपोआप बाहेर येती व्हय? पाय हायेत तिला?"

"बाहीत अडकली असन."

अण्णांनी घड्याळ जोरात झटकलं. चावी आतच. संध्याकाळी शिकवणीच्या सरांकडे गेलो. अण्णा, अक्का आणि मी. सरांनी ते आपल्या डाव्या मनगटावर नुसतंच दाबून धरलं, पट्टा त्यांना पुरत नव्हता. शर्टाची बाही वरखाली केली. हात हलवला. चावी आतच. "गुरुजी, शेकडो पोरं घड्याळ लावून राहिलीत, कुणाची चावी येत नाही. पोरगी हुशार हाय. पण हुशार पोरीच शेवटाला घाबरतात. मग कायतरी कारण लागतं."

"घाबरले नाही सर," अक्का म्हणाली.

"बरं बरं," सर म्हणाले. त्या "बरं बरं"ला उत्तर नसतं.

सरांनी बघितलं ते डाव्या मनगटावर. अण्णांनी बघितलं ते हातात. उजव्या मनगटावर बांधून, बाही ओढून, कुणीही बघितलं नाही. डावखुरी सांगत होती आणि तपास सगळा उजव्या माणसांचा होता.

अण्णांना खोटं खपत नसे. त्यांच्या वर्गात नापास पोराला मार नव्हता, खोटं बोलणाऱ्याला होता. त्या रात्री ते जेवले नाहीत. मायनं ताट झाकून ठेवलं. ते म्हणाले, "पेपर गेला तर गेला. तोंडावर सांगायचं, नाही जमलं म्हणून. घड्याळावर कशाला ढकलायचं?" अक्कानं तेव्हा रडायला हवं होतं असं मला वाटत राहतं. ती रडली नाही. आमच्याकडं न रडणारी पोरगी खोटी ठरते.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत ती वर होती, भौतिकात मोठ्या प्रश्नाएवढी खाली. मेडिकल हुकलं. पुढच्या वर्षी पुन्हा बसते म्हणाली. शिकवणीतली निम्मी पोरं तसंच करायची, त्यात काही लाज नव्हती. अण्णा म्हणाले, "पुन्हा बसंल अन् पुन्हा घड्याळ बंद पडंल." एवढंच. घड्याळ माझ्या हातात आलं आणि अक्का वर्षभरात देगलूरला गेली. मोठं घर, धान्याचा व्यापार, बोलणं मराठी-तेलुगू मिसळलेलं. माणसं वाईट नव्हती. वाईट माणसांवर रागावता तरी येतं.

घड्याळ मी डाव्या मनगटावर बांधायची. मी उजव्या हातानं लिहिणारी. माझ्या मनगटावर ते कधी म्हणजे कधीच थांबलं नाही. दहावी झाली, बारावी झाली. अण्णा माझ्या मनगटाकडे बघायचे आणि कधी कधी मायला म्हणायचे, "बघ. तेच घड्याळ हाय." माय मान खाली घालायची. मला तेव्हा कळत नव्हतं की मी रोज मनगटावर अक्काविरुद्धची साक्ष बांधून हिंडते आहे.

नांदेडला कॉलेजात गेल्यावर मी पत्रकं लिहायला लागले. वसतिगृहाचं पाणी, फी, परीक्षा केंद्रांची दैना, असलं सगळं. रात्री खळ शिजवायची, पहाटे ती पत्रकं भिंतींवर डकवायची. एका थंडीत ती उकळती खळ माझ्या डाव्या मनगटावर सांडली. फोड आले. घड्याळ मी उजव्या मनगटावर बांधलं आणि वरून लांब बाह्यांचा स्वेटर घातला.

दुसऱ्या दिवशी सभेला मी उशिरा पोचले. पोरं माझी वाट बघून निघून गेली होती. मागं थांबलेला एक जण चिडून म्हणाला, "बाई, तुमच्या घड्याळात क्रांती कवा होणार हाय?" मी घड्याळ दाखवलं, वेळ झालीच नव्हती म्हणून. आणि बघितलं. चावी बाहेर होती.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. चावी दाबली. बाही घड्याळावर ओढली, वर सारली. काही नाही. पुन्हा. काही नाही. पुन्हा, आणि बारीक टक. थांबलं. त्या दिवशी दिवसभर मी तेच करत राहिले. दर वेळी नाही यायची. पण यायची. मग कळ सोसून ते डाव्या मनगटावर बांधलं आणि तसंच केलं. बाही वर सारली की कड चावीच्या तोंडावर आपटायची आणि चावी उलट आतच दाबली जायची. एकदाही बाहेर आली नाही.

मला वाटलं होतं मला आनंद होईल. तो झाला नाही.

नांदेडच्या वजिराबादेत एका घड्याळाच्या दुकानात गेले. मालक म्हातारे, आदबीचे, डोळ्याला भिंग. सगळं सांगितलं. त्यांना विशेष असं काही वाटलं नाही.

"बेटा, ये घड्याळ डाव्या मनगटासाठी बनतं. उजव्यावर बांधलं की चावी कोपराकडं जाती. त्यात नवल काय?"

"मग डावखुऱ्यांनी काय करायचं?"

"डाव्या अंगाला चावी असलेलं मागायचं. नवाच्या आकड्यापाशी. उजव्या मनगटावर बांधलं की चावी बोटांकडं येती, डाव्या हातानं तशीच फिरवता येती, काढायचं कामच नाही. कमी येतं पण येतं."

"ते नाही मिळालं तर?"

"तर चारच्या आकड्यापाशी चावी असलेलं बघा, ती तिरपी असती, बाहीत कमी अडकती. किंवा चावी कडेत बुडालेली, बाहेर न आलेली. नाहीतर फिरवून बंद होणारी, पेचाची. ती ओढल्यानं येतच नाही, पयले पेच सोडावा लागतो. आणि सेकंद काटा पायजे. वेळ लावली, चावी दाबली, काटा हलला तर घड्याळ चालू. नाही हलला तर परत दाबायची. बस."

"बायकांच्या घड्याळाला सेकंद काटा असतो का?"

ते हसले. "मागितलं तर असतो. मागतं कोण? घड्याळ घ्यायला बाप येतो, मामा येतो. जिच्या हातात घालायचं ती येते कुठं?"

डाव्या अंगाला चावी असलेलं एक मला तिथंच मिळालं. पुरुषी आकाराचं, साधं, मोठ्या आकड्यांचं, सेकंद काट्याचं. मी घेतलं आणि आधी लातूरला गेले.

अण्णा निवृत्त झाले होते. ओसरीवर पेपर वाचत होते. मी जुनं घड्याळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं, माझ्या उजव्या मनगटावर बांधलं, स्वेटरची बाही ओढली, सारली. तीनदा काही झालं नाही. अण्णा म्हणाले, "काय नाटक चाललंय?" पुढच्या खेपेला टक झालं. मी हात त्यांच्या डोळ्यापुढं धरला. चावी बाहेर. घड्याळ थांबलेलं.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. माझा हात धरून चावी स्वतः दाबली. मग स्वतःच बाही ओढली. सारली. मला वाटतं त्यांना ते पुन्हा होऊ नये असं वाटत होतं. दोन-तीन खेपांत पुन्हा झालं.

माय दारात उभी होती. ती म्हणाली, "पोरगी खरं बोलत होती." तिनं ते असं म्हटलं की जणू तिला आधीपासून माहीत होतं.

अण्णांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "तिला सांगू नको."

"कामून?"

"संसार चाललाय तिचा. आता सांगून काय, पेपर परत देणार हायेत का ते?"

"अण्णा, तुम्ही तिला खोटी म्हणालात. तुम्ही जाऊन सांगा, तू खोटी नव्हतीस. एवढंच."

"तुझी ती पत्रकाची भाषा माझ्यापुढं नको."

"पत्रकाची न्हाई, तुमच्याच वर्गातली हाय. खोटं बोलणाऱ्याला मार होता न् तुमच्याकडं? मग खोटं ठरवणाऱ्याला काय होतं?"

ते उठून आत गेले. दार लावून घेतलं. मी जाईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

देगलूरला गेले तेव्हा अक्का गोदामाच्या मागच्या खोलीत मिरच्या निवडत होती. तिचे यजमान दुकानात, सासू झोपलेल्या. मी तिला सगळं सांगितलं. खळ, स्वेटर, बाही, दुकान, सगळं. ती मिरच्या निवडत राहिली. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"अण्णा काय म्हणले?"

मी खोटं बोलू शकले असते. घरात एकदा खऱ्याला खोटं ठरवलं गेलं होतं, आता खरोखरचं खोटं माझ्या तोंडून नको होतं.

"तुला सांगू नको म्हणले."

ती हसली. "मग तू कामून सांगितलंस?"

मी निवडलेल्या मिरच्या टोपलीत भरू लागले.

"तुला एक सांगू का," ती म्हणाली, "पयले दोन-तीन वर्षं मी रोज रात्री तो पेपर लिवायची. मनात. चावी दाबायची, वर बघायची, दोरा दिसायचा. मग लेकरू झालं. मग हळूहळू मलाच वाटाया लागलं, की मी घाबरले असन. सगळे म्हणून राहिलेत तर खरंच असन. चावी मीच ओढली असन, कारण म्हणून. मी आता असंच धरून चालले होते गं. त्यात जरा बरं असतं. चूक आपली असली की माणूस सगळ्यांकडं नीट बघू शकतो."

मी नवं घड्याळ काढलं. म्हणाले, बांध. तिनं सवयीनं उजवं मनगट पुढं केलं, मी बांधलं. चावी बोटांकडे आली. तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी, न बघता, चावी ओढली. काटे बारावर आणले. दाबली. सेकंद काटा चालू लागला.

ती ते बघत राहिली. पुन्हा ओढली, पुन्हा दाबली. तिचं तोंड एकदम लहान पोरीसारखं झालं.

"एवढं सोपं असतं व्हय गं?" ती म्हणाली. "सगळ्यांना एवढं सोपं असतं?"

आणि मग ती रडली. त्या दिवशी सरांपुढं, अण्णांपुढं, निकालाच्या दिवशी, लग्नात पाठवणीच्या वेळी, ती जेवढं रडली नव्हती ते सगळं. पदर तोंडात कोंबून, कारण पलीकडे सासू झोपलेल्या. मी तिची पाठ धरून बसले. माझ्याजवळ घोषणा नव्हती.

थोड्या वेळानं तिनं घड्याळ काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"ठेव ना."

"नको. विचारतील, उलटं घड्याळ कुठून आणलं. मग सगळं सांगावं लागंल. मग तिकडून अण्णांना कळंल, मी तुझ्याकडनं ऐकलं म्हणून. नको. ने."

ती मला सोडायला स्टँडपर्यंत आली नाही. दुकानापर्यंत आली. तिच्या यजमानांनी चहा सांगितला. मी प्याले नाही.

अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. ते देगलूरला शेवटपर्यंत दिवाळीला साडी पाठवत होते. पत्र एकदाही पाठवलं नाही. अक्का त्यांच्या दहाव्याला आली, सगळं नीट केलं, परत गेली.

वाचणाऱ्या, आता तू. तुझ्या घरात, वर्गात, शिकवणीत एक तरी डावखुरी पोरगी आहे. उद्या तिला घड्याळाच्या दुकानात स्वतःबरोबर ने, तुझ्या मनगटाच्या अंदाजानं आणू नकोस. तिला तिच्या मनगटावर बांधू दे, तिच्या हातानं चावी ओढू दे, दाबू दे, सेकंद काटा हलताना बघू दे, मग घे. आणि ती कधी म्हणाली की चावी बाहेर आली होती, तर ते घड्याळ आधी तिच्याच मनगटावर बांध, तिचीच बाही ओढून बघ. तोवर तिला खोटी म्हणू नकोस. म्हणून झालं असेल तर आज जा आणि सांग.